गोल्फ ठेवावा की फरशी पुसणं?

एसएफ-३६ या आरोग्य प्रश्नावलीत मध्यम श्रमाची उदाहरणं म्हणून टेबल सरकवणं, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं, बोलिंग आणि गोल्फ येतात. नागपुरातल्या मराठी उत्तरदात्यांसाठी ती जशीच्या तशी ठेवायची की बदलायची?

शब्दशः अनुवाद उलट-अनुवादाच्या तपासणीत, म्हणजे मराठीचं पुन्हा इंग्रजी करून पाहण्यात, सहज पास होतो. गोल्फचं पुन्हा गोल्फच होतं, मूळ इंग्रजीशी तंतोतंत जुळतं. धोका इथेच आहे, कारण ही तपासणी शब्द जुळतात का ते सांगते, प्रश्न कळला का ते नाही. नागपूरच्या महाल भागातल्या आजी सरळ म्हणतील, "मी गोल्फ खेळतच नाही, बाळा." मग प्रकृतीची अडचण आणि सवय नसणं एकाच उत्तरात मिसळतं.

उदाहरण बदललेला, म्हणजे रूपांतरित प्रश्न उलट-अनुवादात वेगळा दिसतो, म्हणून बदलाचं कारण लेखी नोंदवावं लागतं. शिवाय श्रम तेवढेच हवेत. कूलरमध्ये बादलीनं पाणी भरणं अगदी आपलं उदाहरण, पण ते जड काम आहे आणि डिसेंबरात कोणी करत नाही. उभ्यानं फरशी पुसणं जास्त जवळचं. तरी काही जणांना विचारावंच, "हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा."

मी रूपांतराच्याच बाजूचा आहे. मात्र बदल हीच प्रश्नावली वापरणाऱ्या इतर देशांच्या गटांना आधी कळवावा, नाहीतर आकड्यांची तुलना फसते.