७०० केल्विनची ΔH काढायची आहे: स्थिर Cp, बहुपदी की तक्ता?

२९८ केल्विनची अभिक्रिया एन्थाल्पी हाताशी आहे आणि हवी आहे ७०० केल्विनची. किर्चहॉफचा नियम तुम्हाला ठाऊक आहेच: उत्पादितांच्या उष्माधारकतांमधून अभिक्रियाकारकांच्या वजा करायच्या, त्या फरकाचं तापमानावर संकलन करायचं आणि जुन्या आकड्यात मिळवायचं. घोडं अडतं ते ΔCp कुठून आणायचा आणि कसा वापरायचा यावर. तीन वाटा आहेत. मी तिन्हींवरून बऱ्याचदा गेलोय, आता बहुतेक वेळा एकाच वाटेने जातो.

उदाहरण अमोनियाचं घेऊ, कारण यात फरक डोळ्यांना दिसतो.

N₂ + 3H₂ → 2NH₃, ΔH(298) = −91.8 kJ

पहिली वाट आळशाची, आणि आळशी म्हणजे वाईट असं मी म्हणत नाही. २९८ केल्विनच्या उष्माधारकता घ्यायच्या आणि त्या बदलत नाहीत असं मानायचं. अमोनिया ३५.६५, नायट्रोजन २९.१२, हायड्रोजन २८.८४, सगळं जूल प्रति मोल केल्विन. दोन मोल अमोनियातून एक मोल नायट्रोजन आणि तीन मोल हायड्रोजन वजा केले की ΔCp येतो सुमारे −४४.३ जूल प्रति केल्विन. जवळपास ४०२ केल्विनच्या फरकाने गुणा: −१७.८ किलोजूल. म्हणजे ७०० केल्विनला −१०९.६.

दिशा बरोबर आहे. चार मोल वायूचे दोन मोल होतात, उत्पादितांची एकूण उष्माधारकता कमी पडते, म्हणून तापमान चढलं की अभिक्रिया आणखी उष्मादायी होते. चुकतं ते माप. अमोनियाच्या रेणूची कंपनं तापमानाबरोबर जागी होत जातात. त्याची उष्माधारकता ७०० केल्विनला ४८च्या वर पोचते. नायट्रोजन जेमतेम ३०.८ पर्यंत चढतो, हायड्रोजन २९.४ वर जवळपास तिथेच बसलेला. त्यामुळे ७०० केल्विनला ΔCp असतो फक्त −२२च्या आसपास, सुरुवातीच्या निम्मा. आपण मात्र सुरुवातीचाच आकडा शेवटपर्यंत ओढत नेला.

यावर एक जुगाड आहे. दोन्ही टोकांच्या ΔCp ची सरासरी घ्या: −३३.४. त्यातून दुरुस्ती येते −१३.४ किलोजूल, आणि तुम्ही पुढे बघालच की ती खऱ्या आकड्याला जवळजवळ चिकटते. दरवेळी इतकी चिकटेल अशी खात्री देत नाही.

दुसरी वाट बहुपदीची: Cp = a + bT + c/T². पाठ्यपुस्तकांच्या परिशिष्टात a, b, c मिळतात. या तीन वायूंसाठी नेहमी दिसणारे सहगुणक घेतले तर Δa = −५०.९२, Δb = ०.०३६६५ आणि Δc = −४.१० × १०⁵ येतात. संकलन असं:

ΔH(T₂) = ΔH(T₁) + Δa(T₂ − T₁) + (Δb/2)(T₂² − T₁²) − Δc(1/T₂ − 1/T₁)

पहिलं पद −२०.४६, दुसरं +७.३५, तिसरं −०.७९. बेरीज −१३.९०, म्हणजे ७०० केल्विनला −१०५.७ किलोजूल.

कागदावर ही वाट सगळ्यात सुबक आहे. कोणतंही तापमान घाला, उत्तर तयार. स्प्रेडशीटमध्ये एकदा सूत्र बसवलं की काम संपलं. मीही तसंच समजत होतो.

पण शेवटचं पद बघा. c/T² चं संकलन केलं की −c/T, हा पहिला वजा. Δc स्वतः ऋण, हा दुसरा. कंसातली वजाबाकीही ऋणच, कारण ७०० चा व्यस्त २९८ च्या व्यस्तापेक्षा लहान. एका पदात तीन वजा. माझ्या एका उष्मा ताळेबंदाच्या शीटमध्ये यातला पहिला वजा गळाला होता आणि तो कित्येक महिने कोणाच्याही लक्षात आला नाही, माझ्यासकट. कारण चुकीचं उत्तर होतं −१०४.१. तुम्हीच सांगा, −१०५.७ च्या जागी −१०४.१ दिसलं तर कोणाला शंका येईल? आकडा वेडावाकडा आला असता तर मी त्याच दिवशी पकडला असता. १.६ किलोजूलची चूक मात्र सभ्य माणसासारखी गुपचूप बसून राहते. त्यात काही तक्त्यांचे मथळे “b × १०³” असे छापलेले असतात. छापलेली संख्या हजाराने गुणायची की आधीच गुणून दिली आहे, यावर दर वेळी पाच मिनिटं जातात. (आधीच गुणलेली असते. म्हणजे भागायची.)

बहुपदीच वापरायची असेल तर एक चाचणी जरूर करा. T₁ २९८.१५ ठेवून T₂ ला २९९.१५ घाला. एका अंशात ΔH जेवढी बदलेल ती २९८च्या ΔCp एवढीच असली पाहिजे. वरच्या सहगुणकांनी ती −४४.६ जूल येते. माझ्या चुकलेल्या शीटने −३५ दाखवलं असतं. ही चाचणी मला उशिरा सुचली.

तिसरी वाट तक्त्याची. जनाफसारख्या तक्त्यांत प्रत्येक पदार्थासाठी H(T) − H(298) असा स्तंभ असतो. म्हणजे संकलन कोणीतरी आधीच करून ठेवलंय. ७०० केल्विनच्या ओळीत अमोनिया १६.८७, नायट्रोजन ११.९४, हायड्रोजन ११.७५ किलोजूल प्रति मोल. आता फक्त बेरीज-वजाबाकी: दोन गुणिले १६.८७, म्हणजे ३३.७४. त्यातून ११.९४ आणि तीन गुणिले ११.७५ वजा. राहतात −१३.४५. ७०० केल्विनला ΔH = −१०५.२ किलोजूल. चिन्ह चुकवायला एकच जागा, आणि ती म्हणजे उत्पादितं आधी की अभिक्रियाकारकं आधी.

मघाच्या सरासरीच्या जुगाडाचा आकडा इथेच आला होता. बहुपदी अर्धा किलोजूल पलीकडे राहिली, कारण तीन सहगुणकांची जुळवणी मुळातच ढोबळ.

तक्त्याला मर्यादा नाहीत असं नाही. नोंदी शंभर-शंभर केल्विनच्या अंतराने असतात; ६७३ हवं असेल तर मधली किंमत काढावी लागते, पण एवढ्या अंतरात सरळ रेषेने काढली तरी फारसं बिघडत नाही. खरी अडचण ही की तक्त्यात तुमचा पदार्थ असावा लागतो. एखाद्या कमी अभ्यासलेल्या सेंद्रिय द्रवाचा फक्त २९८चा Cp मिळत असेल, तर पहिली वाट धरा आणि तापमानाची उडी लहान ठेवा. पन्नास-साठ केल्विनसाठी मीही तेच करतो. आणि वाटेत कोणी उकळत किंवा वितळत असेल, तर तिन्ही वाटांवर तो टप्पा वेगळा धरावा लागतो: पाण्यासाठी ३७३ केल्विनपर्यंत द्रवाचा Cp, मग ४०.७ किलोजूल प्रति मोल, मग वाफेचा Cp.

शेकडो तापमानांसाठी गणित चालवायचं असेल तर शेवटी बहुपदीकडे वळावं लागतंच, हे मान्य. तेव्हा मी एनआयएसटीच्या शोमेट समीकरणाचे सहगुणक घेतो, कारण त्यांत थेट H(T) − H(298) चं सूत्र दिलेलं असतं. फक्त तापमानाचा पट्टा बघून घ्या. नायट्रोजनचे सहगुणक ५०० केल्विनला बदलतात. वरच्या पट्ट्याचे सहगुणक चुकून २९८ला लावले तर Cp २९.१ ऐवजी ३०.६ दाखवतो. मी शीटमध्ये ७०० केल्विनची तक्त्यातली नोंद शेजारच्या रकान्यात लिहून ठेवतो, आणि सूत्राचं उत्तर तिच्याशी जुळल्याशिवाय पुढे जात नाही.