हब, डॉक की टाइप-सी मॉनिटर: घरी लॅपटॉपचं टेबल लावताना काय घ्यावं

माझी पुतणी इंदूरहून पुण्याच्या कंपनीचं काम करते, दिवसाचे नऊ तास लॅपटॉपवर. मान दुखायला लागली तेव्हा तिने सत्तावीस इंची फोर-के मॉनिटर आणि ऑनलाईन मिळणारा टाइप-सी हब घेतला, म्हणजे एका टाइप-सी पोर्टातून अनेक पोर्ट काढून देणारी छोटी डबी. आठवड्याभराने फोन, "काका, माउस हलवला की कर्सर मागून येतो, टेबलावर ओढत आणल्यासारखा. मॉनिटर खराब निघाला का?" मॉनिटर ठीक होता. पण त्या दिवशी जे बघितलं त्यावरून मला वाटतं की घरच्या टेबलासाठी काय घ्यावं हे विचारणाऱ्या प्रत्येकाने खरेदीच्या आधी एक गोष्ट बघायलाच हवी, आणि ती म्हणजे लॅपटॉपचं पोर्ट, मॉनिटर नंतर.

तिला मी सांगितलं, विंडोजमध्ये `Settings > System > Display > Advanced display` इथे जाऊन रिफ्रेश रेट बघ. तिथे 30 हर्ट्झ होतं. म्हणजे स्क्रीन सेकंदाला तीसदाच नवं चित्र दाखवतेय, आपल्याला सवय असते साठची, म्हणून कर्सर ओढल्यासारखा वाटतो आणि स्क्रोल करताना अक्षरं फरफटतात. याचं कारण हबमध्ये असतं. टाइप-सीच्या वायरीत वेगाने डेटा न्यायला चार वाटा असतात, आणि हबला पेन ड्राइव्ह वगैरेसाठी यूएसबी 3 चा वेगही द्यायचा असतो, त्यामुळे दोन वाटा तिकडे जातात, व्हिडिओला दोनच उरतात, आणि चित्र पाठवण्याची जी डिस्प्लेपोर्ट पद्धत त्यात वापरतात तिच्या जुन्या पिढीत दोन वाटांतून फोर-के तीस हर्ट्झच्या वर जात नाही. काही हबचं एचडीएमआय तर मुळातच जुनं, 1.4 चं असतं, तिथेही हाच शेवट. डब्यावर मात्र मोठ्या अक्षरात फक्त 'फोर-के' लिहिलेलं असतं, हर्ट्झ कुठेतरी बारीक अक्षरात.

तिच्या लॅपटॉपला स्वतःचं एचडीएमआय पोर्ट होतं, 2.0 चं. मॉनिटरची वायर हबमधून काढून थेट तिथे लावली आणि साठ हर्ट्झ मिळालं, एक रुपया खर्च न करता. हब फक्त कीबोर्ड, माउस आणि नेटच्या वायरीसाठी ठेवला.

म्हणून पहिला पर्याय, साधा मॉनिटर अधिक एचडीएमआय अधिक छोटा हब, हा लोक समजतात तितका गरिबीचा नाही. हब साधारण दीड-दोन हजारांत येतो. तोटा एवढाच की सकाळी बसताना तीन वायरी लावायच्या आणि रात्री तीन काढायच्या. आणि चार्जर हबमधून लावला तर हब स्वतःसाठी दहा-पंधरा वॉट ठेवून घेतो, म्हणजे 65 वॉटच्या चार्जरमधून लॅपटॉपला पन्नासच्या आसपासच मिळतात. हलक्या लॅपटॉपला चालतं, पण काम जड असेल तर बॅटरी चार्जिंगला लावलेली असूनही हळूहळू उतरते, हे टक्केवारी बघितली की कळतं.

दुसरा पर्याय टाइप-सी मॉनिटर. एकच वायर लॅपटॉपला, त्यातूनच चित्र, चार्जिंग आणि मॉनिटरच्या मागे लावलेला कीबोर्ड-माउस. एक लॅपटॉप, एक स्क्रीन, रोज लावायचं-काढायचं असेल तर मी हाच घ्यायला सांगेन, पण तीन गोष्टी तपासून. एक, लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टातून चित्र बाहेर येतं का. सगळ्यांतून येत नाही, कित्येक स्वस्त लॅपटॉपमध्ये ते नुसतं डेटाचं असतं. पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टचं डी सारखं चिन्ह किंवा थंडरबोल्टची वीज असेल तर बहुतेक येतं, चिन्ह नसेल तर कंपनीच्या साईटवर मॉडेलचं पान वाचायचं. दोन, मॉनिटर किती वॉट देतो. 65 किंवा 90 असेल तर ऑफिसच्या लॅपटॉपला पुरतं, काही मॉनिटर मात्र 15 च देतात आणि तरी टाइप-सी म्हणून विकले जातात. ज्याचा मूळ चार्जर 180 किंवा 230 वॉटचा आहे अशा गेमिंग लॅपटॉपला वेगळा चार्जर ठेवावाच लागतो. तीन, वायर. फोनच्या चार्जरसोबत आलेली वायर लावली तर लॅपटॉप चार्ज होतो पण स्क्रीनवर 'No Signal' येतं, कारण त्या वायरीत चित्र नेणाऱ्या वाटाच नसतात. मॉनिटरच्या डब्यातली वायरच वापरा.

आकाराचं म्हणाल तर सत्तावीस इंचात 1080 रेझोल्यूशनची स्क्रीन घेऊ नका, दिवसभर एक्सेल आणि मराठी मजकूर वाचायचा असेल तर मात्रा-वेलांट्या खडबडीत दिसतात. सत्तावीसला 1440 छान बसतं, आणि वाटांचा तो घोळही इथे होत नाही, दोन वाटांतून 1440 साठ हर्ट्झने आरामात जातं. बजेट कमी असेल तर चोवीस इंची 1080 पुरे.

तिसरा पर्याय वेगळा डॉक, म्हणजे टेबलावर कायम राहणारा, जास्त पोर्टांचा मोठा हब. चांगले डॉक पंधरा हजारांच्या पुढेच जातात, आणि ते वसूल होतात कधी, तर दोन मॉनिटर हवेत किंवा नवरा-बायको दोघांचे लॅपटॉप एकाच टेबलावर आळीपाळीने लागतात तेव्हा. डिस्प्लेलिंकचे डॉक असतात ते चित्र सॉफ्टवेअरने यूएसबीतून पाठवतात, त्यासाठी ड्रायव्हर टाकावा लागतो, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर तशी परवानगी नसेल तर तो डॉक तुमच्यासाठी शोभेची वस्तू, त्यामुळे आधी आयटीवाल्यांना विचारा. पण एम वन किंवा एम टू चिपचं मॅकबुक एअर असेल आणि दोन बाहेरच्या स्क्रीन हव्या असतील तर डिस्प्लेलिंकच उपयोगी पडतो, कारण ते स्वतःहून एकच बाहेरची स्क्रीन चालवतात.

जी गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही ती लाईटची. लॅपटॉपला बॅटरी आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, पण टाइप-सी मॉनिटर बंद पडला की त्याच्या मागचा कीबोर्ड, माउस, नेटची वायर सगळं एकदम जातं, तेही मीटिंगच्या मध्यात. मॉनिटर आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या. सत्तावीस इंची मॉनिटर स्वतः तीसेक वॉटच खातो, लॅपटॉपचं चार्जिंग त्यात मिळवलं तरी इन्व्हर्टरला जड नाही.

कीबोर्डला फार पैसे नकोत, साधा वायरीचाही चालतो. वायरलेस घेतला तर त्याचा छोटा डोंगल हबच्या निळ्या यूएसबी 3 पोर्टाशेजारी खुपसू नका, यूएसबी 3 चा गोंगाट त्याच 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींत पडतो आणि अक्षरं गळतात, माउस अडखळतो. वीतभर एक्सटेन्शन वायर लावून डोंगल दूर, कीबोर्डच्या जवळ आणला की थांबतं.

आणि पुतणीची मान? मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, हातभर अंतरावर, हे तिने केलं होतं. पण टेबल पंचाहत्तर सेंटिमीटरचं आणि ती पाच फूट एक इंच, म्हणजे टाइप करताना खांदे वर उचललेले, दुखणं तिथूनच येत होतं. खुर्ची वर घेतली तेव्हा कोपर कीबोर्डच्या पातळीत आले पण पाय लोंबकळायला लागले, मग आईने देवघरातला जुना पाट काढून पायाखाली दिला. खुर्चीच्या उंचीसोबत मॉनिटरही तितकाच वर घ्यावा लागला, त्याखाली आता जुन्या टेलिफोन डिरेक्टरीचे दोन खंड आहेत.