गणपती सहाला की सातला? परभणीचं पंचांग आणि न्यू जर्सीचं घड्याळ

2024 साली परभणीत गणपती 7 सप्टेंबरला, शनिवारी बसले. न्यू जर्सीत ज्यांनी तिथलं पंचांग धरलं त्यांच्याकडे ते शुक्रवारी 6 तारखेलाच बसले. इकडे आई बाजारातून दूर्वा आणि केवडा आणायच्या तयारीत, आणि फोनवर मुलाच्या घरच्या आरतीचे फोटो आलेले. मग ठरलेला प्रश्न येतो, "अरे, तुम्ही तर आमच्या मागं आहात ना घड्याळात? मग आमच्या आधी गणपती कसा काय?" 2025 मध्येही तेच झालं, इकडे 27 ऑगस्ट आणि तिकडे 26. आपल्याकडच्या बऱ्याच घरांतली मुलं आता बाहेर आहेत, आणि दरवर्षी कुठली तारीख धरायची हा वाद नव्यानं होतो. म्हणून दोन्ही बाजू मांडतो. माझा कल कुठं आहे तेही सांगतोच.

तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढायला लागणारा काळ. तो कधी 19-20 तासांत संपतो, कधी 26 तासांच्या वर जातो. तिथी सुरू होते तो क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो. परभणीत चतुर्थी लागली की त्याच क्षणी ती न्यू जर्सीतल्या एडिसनमध्येही लागते, फक्त तिथल्या भिंतीवरचं घड्याळ साडेनऊ तास मागचं असतं. सण मात्र क्षणावर ठरत नाही. त्या तिथीत त्या गावचा सूर्योदय, मध्यान्ह, प्रदोष किंवा चंद्रोदय सापडतो का, यावर ठरतो. आणि मध्यान्ह प्रत्येक गावाचा आपला असतो. खुद्द महाराष्ट्रात नांदेडला सूर्य मुंबईच्या सुमारे 18 मिनिटं आधी उगवतो. तिथं फरक मिनिटांचा म्हणून तारीख सहसा हलत नाही. अमेरिकेत फरक तासांचा, म्हणून हलते.

गणपतीसाठी मध्यान्हव्यापिनी, म्हणजे मध्यान्हाला असलेली चतुर्थी लागते. सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे पाच सारखे भाग केले की मधला, म्हणजे तिसरा भाग तो मध्यान्ह. 2024 ची भाद्रपद शुद्ध चतुर्थी भारतीय वेळेनं 6 सप्टेंबरला दुपारी 3:01 ला लागली आणि 7 सप्टेंबरला संध्याकाळी 5:37 ला संपली. तोच काळ त्या त्या गावच्या घड्याळात असा दिसतो:

| गाव | चतुर्थी लागली | चतुर्थी संपली | गणपती |
|---|---|---|---|
| परभणी | 6 ला दुपारी 3:01 | 7 ला संध्याकाळी 5:37 | 7 |
| लंडन | 6 ला सकाळी 10:31 | 7 ला दुपारी 1:07 | 6 |
| न्यू जर्सी | 6 ला पहाटे 5:31 | 7 ला सकाळी 8:07 | 6 |
| सिडनी | 6 ला संध्याकाळी 7:31 | 7 ला रात्री 10:07 | 7 |

परभणीत 6 तारखेचा मध्यान्ह तृतीयेतच सरला, म्हणून सात. न्यू जर्सीत सप्टेंबरच्या सुरुवातीला मध्यान्ह साधारण साडेअकरा ते सव्वादोन असतो. 6 तारखेला तो अख्खा चतुर्थीत आला, आणि 7 ला मध्यान्ह होईपर्यंत पंचमी लागून तीन-साडेतीन तास झाले होते. तिथं सहा तारखेबद्दल शंकेला जागाच नाही. लंडनचं प्रकरण जरा नाजूक, कारण दोन्ही दिवशी मध्यान्हाला चतुर्थी सापडते, पहिल्या दिवशी पूर्ण आणि दुसऱ्या दिवशी थोडी. अशा वेळी गणेशव्रताला तृतीयेनं युक्त चतुर्थी घेतात, म्हणून आधीचा दिवस.

अनेकांचा घोळ होतो तो पुढं. न्यू जर्सीत 6 आणि 7, दोन्ही दिवशी सूर्योदयाला चतुर्थीच होती. भारतात ही तिथी साधी, तिकडे तीच वृद्धी तिथी झाली. म्हणजे नुसती सूर्योदयाची तिथी दाखवणाऱ्या अॅपमध्ये दोन्ही तारखांवर 'चतुर्थी' दिसणार, आणि भारताशी जुळते म्हणून माणूस सात उचलणार. पंचांगात सातवर चतुर्थी लिहिलेली होती, हा युक्तिवाद खोटा नसतो, अपुरा असतो.

आता भारताची तारीख धरण्याची बाजू. ती धरणारे अडाणी नाहीत. आई-वडील परभणीला, भाऊ लातूरला, सगळ्यांचा उपवास एका दिवशी, आरतीला व्हिडिओ कॉल, हे सुख मोठं आहे. शिवाय घरातल्या म्हाताऱ्या माणसाला 'तुमची चतुर्थी वेगळी, आमची वेगळी' हे पटवत बसायला नको. तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरात आयत्या मिळतात. 2024 मध्ये तर सात तारीख शनिवारची, म्हणजे तिकडे सुट्टीचीही सोय.

पण 'भारताबरोबर' याचा अर्थ नीट बघा. परभणीत 7 तारखेला सकाळी साडेअकराला पूजा झाली तेव्हा न्यू जर्सीत मध्यरात्रीचे दोन वाजले होते. तिथला मुलगा सकाळी उठून, अंघोळ करून, बारा वाजता प्रतिष्ठापनेला बसला तर परभणीत रात्रीचे साडेनऊ झालेले असतात आणि चतुर्थी संपून चार तास उलटलेले. म्हणजे तारीख भारताची पाळली, तिथी मात्र ना भारताची राहिली ना अमेरिकेची. तासांच्या हिशोबानं बघितलं तर सात तारखेची पूजा परभणीच्या पूजेला जास्त जवळ पडते, साडेनऊ-दहा तासांवर. सहाची चौदा-साडेचौदा तास आधी येते. पण ज्या चतुर्थीसाठी हे सगळं मांडायचं ती सहालाच असते. मूर्ती आणून घरात बसवायची असेल तर मी स्थानिक पंचांगाच्याच बाजूनं आहे.

स्थानिक तारखेचा त्रासही सांगायला हवा. ती बहुधा कामाच्या दिवशी येते, रजा टाकावी लागते, आणि गुरुजी मिळतीलच असं नाही. एकदा ती धरली की पुढचंही तिच्याच हिशोबानं चालतं. अनंत चतुर्दशी 2024 मध्ये भारतात 17 सप्टेंबरला होती, न्यू जर्सीत 16 ला. बसवले स्थानिक तारखेनं आणि विसर्जन भारताच्या तारखेनं, असं केलं की तिकडे पौर्णिमेला विसर्जन होतं.

लक्ष्मीपूजनाला हाच नियम प्रदोषावर, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या काळावर चालतो. 2024 ची अमावास्या आपल्याकडे 31 ऑक्टोबरला दुपारी 3:52 ला लागली आणि 1 नोव्हेंबरला संध्याकाळी 6:16 ला संपली. महाराष्ट्रातल्या पंचांगांनी 1 नोव्हेंबर दिला, उत्तरेत पुष्कळांनी 31 धरला, आणि भारतातल्या भारतातच वाद झाला. न्यू जर्सीत मात्र वादाला जागाच नव्हती. तिथं अमावास्या 1 तारखेला सकाळी 8:46 ला संपली, त्यामुळं संध्याकाळ अमावास्येची होती ती 31 चीच. इथंही परभणीची तारीख नेली असती तर पूजा प्रतिपदेला झाली असती.

आपल्याकडच्या महालक्ष्म्यांना मात्र मी हा न्याय लावत नाही. मराठवाड्यात महालक्ष्म्या हा घराचा कुळाचार. मुखवटे मूळ घरी असतात, सोळा भाज्या, पुरण आणि आंबील तिथं होते, सुना-लेकी तिथं जमतात. बाहेरच्या मुलानं वेगळ्या लक्ष्म्या बसवल्या नसतील तर त्याचा सण मूळ घरच्याच तारखेचा. त्यानं परभणीच्या जेवणावळीच्या दिवशी घरी पुरण घालावं, नमस्कार करावा, स्थानिक गणिताच्या भानगडीत पडूच नये. ज्या घरात स्वतंत्र बसतात तिथं गणित लागतं, आणि ते तिथीचं नसून नक्षत्राचं असतं. अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मुळावर विसर्जन. गणपती एक दिवस आधी आले म्हणून लक्ष्म्याही एक दिवस आधी, अशी वजाबाकी करू नका. 2024 मध्ये भारतात आवाहन 10 सप्टेंबरला होतं. न्यू जर्सीत अनुराधा 9 ला सकाळी साडेआठच्या सुमाराला लागून 10 ला सकाळी साडेदहापर्यंत होती, म्हणजे दोन दिवसांत विभागलेली. अशा वेळी तिथल्या गुरुजींना विचारून ठरवलेलं बरं.

मंडळाचा शनिवारचा गणपती हा तिसरा पर्याय, पण तो मेळावा आहे. ढोल वाजवा, मोदक खा, घरची प्रतिष्ठापना मात्र त्यावर ढकलू नका.

दरवर्षी फरक पडतोच असंही नाही. 2026 ची चतुर्थी भारतात 14 सप्टेंबरला सकाळी सातच्या सुमाराला लागते, न्यू जर्सीत ती 13 ला रात्री साडेनऊनंतर, म्हणून दोन्हीकडे गणपती 14 लाच. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासाठी घरी बसून करायची चाचणी सोपी आहे. तिथला मध्यान्ह म्हणजे आपली रात्रीची साधारण 9 ते पावणेबारा. आपल्या गणपतीच्या आदल्या दिवशी रात्री 9 च्या आत चतुर्थी लागली असेल तर त्यांचा गणपती त्या आदल्या तारखेला. मध्यरात्रीनंतर लागली तर तारीख एकच. मधल्या पावणेतीन तासांत लागली तर मात्र पंचांगकर्त्यालाच विचारावं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडकडे उलटं, तिथं तारीख भारताचीच किंवा एक दिवस पुढची.

पंचांग वाचताना दोन गोष्टी बघा. तिथीपुढं छापलेली वेळ समाप्तीची असते. ती सुरुवातीची समजून हिशोब केला की सगळं एका तिथीनं सरकतं. सुरुवात हवी तर आदल्या तिथीची समाप्ती बघायची. दुसरं, साडेनऊ तासांचा फरक उन्हाळी वेळेपुरता. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं मागं जातात आणि फरक साडेदहा तासांचा होतो. दिवाळी कधी या रविवारच्या अलीकडं येते, कधी पलीकडं, तेव्हा आधी तो रविवार बघा आणि मगच तास वजा करा. अॅप वापरत असाल तर त्यात गाव कुठलं लावलंय तेही तपासा. मुलाच्या फोनमध्ये बऱ्याचदा परभणीच राहिलेली असते.