रिटेन्शन बोनस: पूर्ण क्लॉबॅक की प्रो-राटा?

समजा 6 लाखांचा रिटेन्शन बोनस आहे, म्हणजे नोकरीत टिकून राहावं म्हणून कंपनी देते तो, 2-2 लाखांचे तीन हप्ते, 6, 12 आणि 18 महिने झाल्यावर, आणि प्रत्येक हप्ता हातात पडल्यापासून 12 महिन्यांचा क्लॉबॅक, म्हणजे त्या मुदतीत नोकरी सोडली तर पैसे परत द्यायचे. लोकांना वाटतं 18 महिने काढले की सुटलो, पण शेवटच्या हप्त्याचं घड्याळ तिथूनच सुरू होतं, म्हणजे खरं बंधन 30 महिन्यांचं!

आता 17 महिने झाल्यावर सोडलंत तर? पूर्ण क्लॉबॅक असेल तर मिळालेले दोन्ही हप्ते, 4 लाख, परत द्यायचे, पहिल्याचा फक्त एक महिना उरलेला असला तरी. प्रो-राटा, म्हणजे उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात असेल तर पहिल्याचा 1 महिना आणि दुसऱ्याचे 7 महिने एवढ्याचेच, साधारण 1 लाख 33 हजार. फरक केवढा बघा.

आणि त्यात टॅक्स. 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेस धरून 4 लाखांवर 1,24,800 टीडीएस कापला जातो, हातात येतात 2,75,200. क्लॉजमध्ये 'ग्रॉस', म्हणजे टॅक्स कापण्याआधीची रक्कम, लिहिलं असेल तर न मिळालेले पैसेही तुम्हीच भरायचे. त्याच आर्थिक वर्षात वसुली झाली तर कंपनी पेरोलमध्ये ॲडजस्ट करू शकते, पण वर्ष उलटून फॉर्म 16 निघाला की ते प्रकरण फार किचकट होतं.

म्हणून माझं मत सरळ प्रो-राटाच. सही करायच्या आधी एचआरकडून 'नेट रक्कम' आणि 'कंपनीने काढलं तर वसुली नाही' हे दोन्ही लेखी घ्या, तोंडी आश्वासन नोकरी सोडताना फुल अँड फायनल हिशेबाच्या वेळी कोणी विचारात घेत नाही.