क्लोजर डेकवरून मेमो: आठ महिने वापरल्यावर

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी नवीन पार्ट डेव्हलपमेंट बघतो. गेल्या वर्षी पंप हाउसिंगचं एक काम ठरल्यापेक्षा सात आठवडे उशिरा संपलं. क्लोजरच्या मीटिंगला बेचाळीस स्लाइड्सचा डेक झाला आणि शेवटच्या दोन स्लाइड्सवर ‘काय शिकलो’ म्हणून एकोणीस मुद्दे होते. त्यातून पुढच्या टीमला वापरता येईल असा एक पानी मेमो मी काढला. आठ महिने तो वापरात आहे.

डेकमधले मुद्दे जसेच्या तसे मेमोत उतरवायचे नाहीत, हे मला पहिल्याच मुद्द्याने शिकवलं. स्लाइडवर लिहिलं होतं, ‘पॅटर्नला विलंब, फॉलो-अप वाढवावा’. साच्यासाठी पार्टची प्रतिकृती म्हणजे पॅटर्न बनवणाऱ्या मिस्त्रींना रोज फोन करायचा, एवढाच त्याचा अर्थ निघत होता. म्हणून मी डेकमधलीच वेळापत्रकाची स्लाइड काढली आणि तिच्यातल्या तारखांसमोर मेल आणि तपासणीचे रिपोर्ट ठेवले. पॅटर्न पहिल्यांदा वेळेवरच आला होता. उशीर झाला तो दुरुस्तीला परत गेल्यामुळे.

परत का गेला? नमुन्याच्या तीस कास्टिंगपैकी नऊ नगांत बोअर केल्यावर एका बाजूची भिंत पातळ आली. डेकमध्ये याला ‘मशिनिंग रिजेक्शन’ म्हटलं होतं. खरं कारण फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणाऱ्या माणसाने दाखवलं. पॅटर्नची पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ, नेमकी मशीनवर नग ज्यावर टेकतो त्या लोकेशन पॅडवरून जात होती. तिथे उरलेली जादा धातूची फिन तो ग्राइंडरने हाताने काढायचा, त्यामुळे प्रत्येक नगाचा पॅड थोडा वेगळा घासला जायचा. फिक्स्चरमध्ये नग दर वेळी वेगळा बसायचा आणि बोअर मध्यातून सरकायचा. पॅटर्नची ऑर्डर देताना कास्टिंगचं ड्रॉइंग मशीन शॉपने पाहिलंच नव्हतं. फॉलो-अप दुप्पट केला असता तरी हे टळलं नसतं.

मेमोत हा मुद्दा असा गेला: “पॅटर्नची ऑर्डर निघण्याआधी कास्टिंग ड्रॉइंगवर लोकेशन पॅड, क्लॅम्पिंगच्या जागा आणि पार्टिंग लाइन दाखवून मशीन शॉपची सही घ्यावी. पार्टिंग लाइन पॅडवरून जात असेल तर ऑर्डर थांबवावी. जबाबदारी डेव्हलपमेंट इंजिनिअरची.” खाली घडलेला प्रसंग दोन ओळींत.

एकोणीसपैकी सहाच मुद्दे मेमोत टिकले. कोणी, कधी, काय करायचं हे सांगता येत नाही तो मुद्दा मी सरळ काढला. ‘समन्वय सुधारावा’ तीन वेळा होतं, तिन्ही गेले.

एक मुद्दा मात्र मी जिव्हाळ्याने ठेवला. डेकमध्ये ‘अनपेक्षित पूरस्थिती’ असं लिहिलं होतं. 2019 आणि 2021 पाहिलेल्या कोल्हापुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी येणं अनपेक्षित म्हणायचं? राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी, हे इथे लहान पोरालाही ठाऊक असतं. मेमोत लिहिलं: पाणी 35 फुटांवर आलं की त्याच दिवशी तयार नमुने पुण्याच्या बाजूला रवाना करायचे. 35 हा आकडा आमच्या सोयीचा, इशारा पातळीच्या आधी हाताशी वेळ राहावा म्हणून घेतलेला.

मेमोचा पहिला खरा उपयोग गिअरबॉक्स कव्हरच्या कामात झाला. नवीन इंजिनिअर ऑर्डर घेऊन गेला, तर मिस्त्रींनीच विचारलं, “साहेब, ह्याच्यावर मशीन शॉपची सही कुठं हाय?” त्यांना मी मेमोची एक प्रत देऊन ठेवली होती. सही घ्यायला गेल्यावर एका पॅडवरून पार्टिंग लाइन जाताना सापडली. पॅड बारा मिलिमीटर सरकवला, कागदावरच. पॅटर्न दुरुस्तीला परत गेला नाही.

पण एकदा याच मेमोने आम्हाला फसवलं. त्यात आकुंचनासाठी एक टक्का धरावा असं होतं. ग्रे आयर्नच्या त्या हाउसिंगला ते बरोबर होतं. पुढच्या टीमने तोच आकडा एसजी आयर्नच्या ब्रॅकेटला लावला आणि नमुने मापापेक्षा मोठे आले. एसजीमध्ये घट्ट होताना ग्राफाइट फुगतं, त्यामुळे आकुंचन बहुधा कमी होतं आणि साचा किती कडक आहे त्यावरही बदलतं. चूक टीमची नव्हती, माझी होती. मेमोत धातूचं नावच मी लिहिलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक मुद्द्याखाली ‘कुठे लागू नाही’ अशी ओळ असते. ती लिहायला बाकीच्या मेमोपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि पुढची टीम मला येऊन प्रश्न विचारते तेही तिच्यावरूनच.

आता मी क्लोजर मीटिंगनंतरच्या आठवड्यातच मेमोला बसतो आणि फेटलिंगवाल्याला सोबत घेतो. पंप हाउसिंगच्या वेळी दोन महिने गेले होते आणि घासलेल्या पॅडचे फोटो त्याच्या मोबाइलमधून तोवर पुसले गेले होते. पॅडची गोष्ट त्याला आठवत होती म्हणून मिळाली.