स्लॅकवर बॉटची उत्तरं लिहिताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या टीमचा बॉट बिल्ड फसलं की स्लॅकवर त्याच थ्रेडमध्ये उत्तर टाकतो. त्या उत्तरांचा मजकूर मी लिहितो. कामाला सुरुवात करणाऱ्याने एक लक्षात घ्यावं: मजकूर सजवण्याची स्लॅकची खूणपद्धत `mrkdwn` ही मार्कडाउनसारखी दिसते, पण मार्कडाउन नाही. ठळक अक्षरांसाठी इथे एकच तारा लागतो. दुव्याची रचना `<https://example.com|लॉग पाहा>` अशी असते. कोड ब्लॉकच्या सुरुवातीला सवयीने `python` लिहिलं, तर तो शब्द कोडचाच भाग म्हणून दिसतो.

मेन्शनचं तर वेगळंच. चॅटमध्ये हाताने टाइप करताना @ दाबून यादीतून नाव निवडलं की झालं. बॉटने मात्र `@नाव` लिहिलं तर ती नुसती अक्षरं राहतात, कुणालाच सूचना जात नाही. तिथे सदस्याचा आयडीच द्यावा लागतो.

```
<@U012AB3CD> *बिल्ड फसलं*
> कालपर्यंत चालत होतं
`Map&lt;String, Order&gt;` सापडत नाही
```

तिसरी ओळ विचित्र दिसते, पण सगळी मेख तिथेच आहे. `<` आणि `>` ही चिन्हं स्लॅक मेन्शन आणि दुव्यांसाठी वापरतं. त्यामुळे जावाच्या एररमधलं `<String, Order>` तसंच पाठवलं तर स्लॅक त्याचा भलताच अर्थ लावू शकतं. उपाय म्हणजे आधी `&` चं `&amp;` करायचं, मग `<` चं `&lt;` आणि `>` चं `&gt;`. क्रम उलटला तर `&lt;` मधला `&` पुन्हा बदलतो आणि वाचणाऱ्याला `&lt;` हीच अक्षरं दिसतात. मेसेजमध्ये असं काही दिसलं की कुठेतरी दोनदा बदल होतोय, हे ओळखावं.

हा बदल फक्त बाहेरून आलेल्या मजकुरावर करावा: एररवर, कमिटच्या संदेशावर. पूर्ण मेसेजवर केला तर आपलंच `<@U012AB3CD>` निकामी होतं. आणि बाहेरच्या मजकुरावर केलाच नाही, तर कुणी कमिटच्या संदेशात गंमत म्हणून `<!channel>` लिहिलं की अख्ख्या चॅनलचे फोन वाजायचे. रात्री दोनला ही गंमत कुणालाच आवडत नाही.

कोटसाठी प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला `>` लावतो. चार-पाच ओळींपेक्षा मोठा मजकूर असेल तर मी कोट टाळून दुवा देतो, मोबाइलवर तेच बरं पडतं.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक खास अडचण आहे. `*स्टेजिंग*वर` असं लिहिलं तर तारे तसेच दिसतात, कारण बंद होणाऱ्या ताऱ्याला लागून अक्षर आलं की स्लॅक त्याला ठळकपणाची खूण मानत नाही. आपली विभक्ती तर शब्दाला चिकटूनच येणार! म्हणून प्रत्ययही ताऱ्यांच्या आत घ्यायचा: `*स्टेजिंगवर*`. इनलाइन कोडसाठी मी वाक्यच फिरवतो, `main` शाखेवर, `deploy.sh` ही फाइल, असं. प्रत्यय मग पुढच्या मराठी शब्दाला लागतो.