'बारा जीबी ग्राफिक्स' म्हणून आम्हाला विकलेला चार जीबीचा लॅपटॉप

नागपुरात सीताबर्डी भागातील एका दुकानाने जून २०२४ मध्ये आम्हाला '१२ जीबी ग्राफिक्सचा गेमिंग लॅपटॉप' म्हणून जे यंत्र ६८,५०० रुपयांना विकले, त्यातील ग्राफिक्स चिपची स्वतःची मेमरी अवघी ४ जीबी आहे आणि त्यात 'नवी' म्हणून बसवलेली रॅम कुणाच्या तरी जुन्या यंत्रातून काढलेली आहे. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते, आणि मला एका साध्या बेरजेने फसवण्यात आले हे लिहिताना लाज वाटते. तरीही लिहिते, कारण बारावीच्या निकालानंतर याच बाजारात याच बेताच्या रकमा घेऊन येणारी घरे दरवर्षी असतात आणि ही बेरीज तेथे आजही तशीच मांडली जाते.

आमची मर्यादा ७०,००० रुपये होती. मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला जाणार होता. त्याला अभ्यासाबरोबर मोठे खेळही चालतील असा त्याचा पहिला लॅपटॉप हवा होता. दुकानदाराने दोन यंत्रे समोर ठेवली. पहिल्यात आरटीएक्स ४०५० ही ६ जीबीची चिप, ८ जीबी रॅम आणि काहीसा फिकट रंगांचा १४४ हर्ट्झचा स्क्रीन होता, किंमत ७१,९९०. दुसऱ्याचे नाव त्याने नुसते 'आरटीएक्स' असे घेतले, पुढचा आकडा घेतलाच नाही. या दुसऱ्या यंत्राचा स्क्रीन डोळ्यांत भरणारा होता आणि त्यावर लावलेला नमुन्याचा व्हिडिओ तर त्याहून. किंमत ५९,५००. "मॅडम, वो पहलेवाले में रॅम आठ ही है, इसमें मैं सोला करके देता हूँ," असे म्हणत त्याने ८ जीबी रॅमचे ६,५०० आणि 'सेटअप व अँटिव्हायरस'चे २,५०० मिळवले. एकूण ६८,५०० झाले. रक्कम आमच्या मर्यादेत बसत होती आणि रॅम दुप्पट मिळत होती.

ज्या क्षणी हे सारे उघडे पडायला हवे होते, तो क्षण मला आजही शब्दशः आठवतो. रॅम बसवण्यापूर्वी त्याने टास्क मॅनेजर उघडून ग्राफिक्सच्या पानावर `GPU memory` या ओळीपुढचा आकडा दाखवला; तो ७.९ होता. मग झाकण उघडून रॅम बसवली, यंत्र पुन्हा सुरू केले आणि त्याच ओळीवर बोट ठेवून तो म्हणाला, "देखिए, अब बारह जीबी ग्राफिक्स हो गया." आकडा खरोखर ११.९ होता. चिप तीच होती, तिला कोणी हात लावलेला नव्हता, आणि तरीही तिची मेमरी आमच्या डोळ्यांदेखत ४ जीबीने वाढली होती. बसवलेली पट्टी रॅमची, ती ८ जीबीची, आणि वाढले ते ग्राफिक्स, तेही बरोबर तिच्या निम्म्याने! हे निम्मे कुठून आले, हा प्रश्न कोणत्याही सातवीच्या मुलाने विचारला असता. मी तो विचारला नाही, कारण समोरचा माणूस रोज हीच यंत्रे विकणारा होता आणि पडद्यावरचा आकडा खोटा नव्हता. डॉक्टरांनी दाखवलेल्या अहवालावर आपण विश्वास ठेवतो, तसाच मी त्या आकड्यावर ठेवला. याला निष्काळजीपणा म्हणणाऱ्यांनी आपल्या लॅपटॉपवर ते पान कधी उघडले आहे का, हे आधी सांगावे.

त्या पानावर तीन वेगवेगळे आकडे असतात. `Dedicated GPU memory` म्हणजे चिपच्या शेजारी पक्की बसवलेली, तिची स्वतःची मेमरी. आमच्या यंत्रात ती ४ जीबी. `Shared GPU memory` म्हणजे गरज पडल्यास विंडोज चिपला साध्या रॅममधून जास्तीत जास्त जेवढा भाग वापरू देते तो. तो साधारण रॅमच्या निम्मा असतो. ८ जीबी रॅम असताना तो ३.९ होता, १६ झाल्यावर ७.९ झाला. `GPU memory` ही या दोहोंची बेरीज आहे, आणि दुकानदाराचे बोट तिच्यावरच होते. `Dedicated GPU memory` ही ओळ सोडून कोणी तुम्हाला दुसरा आकडा दाखवू लागला, तर तेथून उठा.

ही उसनी मेमरी खेळाच्या कामाची का नाही, हे मला नंतर मुलाच्या एका वरिष्ठ मित्राने समजावले. आमची चिप आरटीएक्स २०५० निघाली. तिची स्वतःची मेमरी सेकंदाला ११२ जीबी माहिती पुरवू शकते. साध्या रॅमचा वेग दोन्ही पट्ट्या असताना आमच्या यंत्रात ४२ जीबीच्या आसपास भरतो, तोही प्रोसेसरबरोबर वाटून घ्यावा लागतो, आणि तेथून चिपपर्यंतची वाट आणखी अरुंद असते. त्यामुळे मोठ्या खेळात भिंती, झाडे, चेहरे यांची चित्रे ४ जीबीत मावेनाशी झाली की सरासरी वेग बरा दिसत असूनही दर काही क्षणांनी चित्र अडखळते, आणि पृष्ठभागांची गुणवत्ता एक पायरी खाली आणली की तेच अडखळणे थांबते. मेमरी अपुरी पडल्याची ही खूण आहे. गुणवत्ता कमी करूनही वेग वाढत नसेल, तर मात्र दोष दुसरीकडे शोधावा.

चिपचे खरे नाव त्या मित्राने एका आज्ञेने काढले. कमांड प्रॉम्प्ट उघडून ही ओळ लिहायची, एवढेच:

```
nvidia-smi --query-gpu=name,memory.total --format=csv
```

उत्तर आले: `NVIDIA GeForce RTX 2050, 4096 MiB`. दुकानात हे करायला अर्धे मिनिटही लागत नाही. पैसे देण्यापूर्वी हे करू न देणाऱ्या दुकानात पैसे देऊ नका.

त्यानंतर त्याने सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रामच्या `SPD` पानावर रॅमच्या दोन्ही पट्ट्या पाहिल्या. मूळ पट्टी ३२०० वेगाची होती. आम्हाला ६,५०० रुपयांना विकलेली २६६६ वेगाची, आणि तिच्या निर्मितीचे वर्ष २०१९ होते. वेगळ्या वेगाच्या दोन पट्ट्या एकत्र बसवल्या की दोन्ही कमी वेगाने चालतात, म्हणजे आम्ही पैसे मोजून आमची चांगली पट्टीही संथ करून घेतली. तशी नवी, योग्य वेगाची पट्टी त्याच आठवड्यात १,७५० रुपयांना मिळत होती.

आता खरा हिशोब मांडते. पहिले यंत्र ७१,९९० चे होते, त्यात रॅमची दुसरी जागा रिकामी होती. पुढच्या महिन्यात १,७५० ची पट्टी बसवली असती, तर एकूण ७३,७४० झाले असते. आम्ही दिलेल्या रकमेहून हे ५,२४० रुपयांनी जास्त आहे, पण ते दोन टप्प्यांत देता आले असते आणि चिप ६ जीबीची, कितीतरी अधिक ताकदीची मिळाली असती. ग्राफिक्स चिप मदरबोर्डवर पक्की बसवलेली असते. ती पुढे बदलता येत नाही. रॅम बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये वाढवता येते. स्क्रीन फिका असला तरी पुढेमागे एचडीएमआय तारेने मोठा मॉनिटर जोडता येतो. म्हणून हात आखडता असेल तर आज सगळा जोर चिपवर द्यावा, रॅम ८ जीबीची एकच पट्टी चालवून घ्यावी आणि स्क्रीनच्या झळाळीकडे पाहूही नये. आमच्या दुकानदाराने नेमका हाच क्रम उलटा करून आम्हाला विकला, कारण रॅममध्ये आणि झळाळीत त्याची कमाई होती. डोळ्यांत भरणारा स्क्रीन घेऊन करायचे काय, जेव्हा मोठ्या खेळात आमची चिप सेकंदाला चाळीसेक चित्रेच काढते?

या क्रमाला दोन अपवाद मात्र आहेत. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅमही बोर्डवर पक्की असते. तेथे ८ जीबी घेणे म्हणजे कायमचे अडकणे, तेव्हा १६ च घ्यावी लागते. आणि ज्याला फक्त व्हॅलोरंटसारखे हलके खेळ खेळायचे आहेत, त्याला २०५० सुद्धा पुरते, पण मग तिची किंमतही तेवढीच द्यावी. चिपचे नाव मिळाले तरी थांबू नका. लॅपटॉपमधील एकच आरटीएक्स ४०५० ही ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कोणत्याही मर्यादेवर बसवलेली असू शकते आणि कमी वॅटची बरीच मागे पडते. वॅटचा आकडा कंपनीच्या तपशीलपत्रकात असतो. दुकानदाराच्या तोंडचा ग्राह्य धरू नका.

दाद मागायला गेल्यावर जे झाले, त्याने फसवणुकीपेक्षाही जास्त संताप आला. दुकानदार म्हणाला, "बारह लिखा था, बारह दिखता है." पोलीस ठाण्यात अंमलदारांनी बिल पाहिले, त्यावर 'लॅपटॉप १ नग' एवढेच होते, आणि हा दिवाणी मामला आहे म्हणून तक्रार लिहून घेण्यासही नकार दिला. वापरलेला भाग नवा म्हणून विकणे हा दिवाणी मामला कसा, याचे उत्तर कोणी देईना. ज्या तक्रार केंद्रावर मी सर्व छायाचित्रे पाठवली, तेथून काही आठवड्यांनी निरोप आला की उत्पादन अस्सल असल्याचे विक्रेत्याने कळवले आहे, सबब तक्रार बंद करण्यात येत आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचाच शब्द पुरावा! अस्सल नाही असे मी म्हटलेच नव्हते. कंपनीच्या सेवा केंद्राने तर बाहेरची रॅम बसवल्याचे पाहून आधी माझ्याकडेच संशयाने बघितले. चार जीबी आणि बारा जीबी यांत फरक आहे, एवढे ऐकून घेणारा माणूस एकाही खुर्चीत भेटला नाही.

आमच्या हातात एकच बळकट गोष्ट राहिली आहे, ती म्हणजे दुकानाच्या शिक्क्याची अंदाजपत्रकाची चिठ्ठी, जिच्यावर दुकानदाराच्याच अक्षरात '१२ जीबी ग्राफिक्स, १६ जीबी नवी रॅम' असे आहे. अशी चिठ्ठी फेकू नका. नुसती किंमत जास्त लावली म्हणून फारसे काही करता येत नाही, कारण ती छापील किमतीच्या आत असते. खोटे वर्णन आणि जुना भाग हे मुद्दे मात्र टिकतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार घटनेपासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकीलही सक्तीचा नाही.

तेच यंत्र त्या आठवड्यात इतरत्र ५१,९९० ला मिळत होते. त्यामुळे यंत्रावरचे ७,५१०, रॅमवरचे ४,७५० आणि ज्या अँटिव्हायरसची केवळ चाचणी आवृत्ती टाकली त्याचे २,५०० असे १४,७६० रुपये मी परत मागितले आहेत. चिठ्ठीची प्रत, आज्ञेच्या उत्तराचे छायाचित्र आणि २०१९ सालच्या पट्टीचे छायाचित्र तक्रारीला जोडले आहे, आणि ती पट्टी पुरावा म्हणून यंत्रातून काढून वेगळी ठेवली आहे.